कागद मागताना जीभ अडखळते तेव्हा

"मी एका कंपनीत फायनान्स मॅनेजर आहे. ऑडिट पुढच्या आठवड्यात आटपायचंय आणि चार विभागांकडून खर्चाची कागदपत्रं अजून आलेली नाहीत. चार मेल झाले, उत्तर नाही. विभागप्रमुख माझ्याहून मोठे, अनुभवी. जास्त बोललं तर 'हिचा आमच्यावर विश्वास नाही' असं होतं, गप्प बसलं तर ऑडिटर माझ्याकडे बघतो. झोप उडाली आहे. काय करू?"

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चाकणच्या एका कारखान्यातले फायनान्स मॅनेजर माझ्याकडे आले होते. त्यांच्या परवानगीने सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. वय छत्तीस. छातीत धडधड व्हायची. सकाळी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून दहा-दहा मिनिटं आतच बसून राहायचे. मी विचारलं, "आत गेल्यावर पहिलं काम काय असतं?" म्हणाले, "मेंटेनन्सच्या साहेबांकडे कागद मागायचे."

मी त्यांना त्यांची मेल दाखवायला सांगितली. नऊ विभागप्रमुखांना एकत्र पाठवलेलं चौथं स्मरणपत्र होतं: "आपल्या विभागाकडील प्रलंबित खर्चाची कागदपत्रे तातडीने सादर करावीत, अन्यथा जबाबदारी आपली राहील." सोबत 61 ओळींची एक्सेल, त्यात व्हाउचर नंबर, तारीख आणि रक्कम. "यातल्या मेंटेनन्सच्या ओळी कुठल्या?" असं विचारलं तर त्यांना स्वतःलाच वर-खाली करत शोधाव्या लागल्या. मग साहेबांनी त्या कशा शोधायच्या?

समुपदेशनात येण्याआधी मी बरीच वर्षं अकाउंट्समध्ये काढली आहेत, म्हणून ती यादी बघून माझा हात शिवशिवला. पुढच्या भेटीला ते ती छापून घेऊन आले. प्रत्येक ओळीपुढे आम्ही पेन्सिलने एवढंच लिहीत गेलो की नेमका कुठला कागद नाही आणि तो आज कुणाच्या हातात आहे. दीड तास लागला. 61 पैकी 38 ठिकाणी बिल इमारतीतच होतं, कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये सहीसाठी पडलेलं. अकाउंट्समधला एक मुलगा फाइल घेऊन मजल्यामजल्यावर फिरला आणि दोन दिवसांत ती बाजू मिटली.

अडत होतं पुढच्या 14 ओळींवर. काम मार्चमध्ये झालेलं, पण बिल एप्रिलच्या तारखेचं आलेलं, नाहीतर आलेलंच नाही. मार्केटिंगच्या मॅडमनी प्रदर्शनात स्टॉल लावला होता. त्या म्हणत होत्या, "बिल एप्रिलचं आहे, पुढच्या वर्षात टाका ना." त्यात टाळाटाळ नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण खर्च बिलाच्या तारखेने ठरत नाही, काम कधी झालं यावर ठरतो. 31 मार्चपर्यंत झालेल्या कामाची रक्कम त्याच वर्षात तरतूद म्हणून दाखवावी लागते. ऑडिटर एप्रिल-मेमधली बिलं आणि पेमेंट उघडून हेच तपासतात की यातलं काम आधीच्या वर्षातलं तर नाही ना. आणि तरतूद केली की नियमात बसत असेल तिथे टीडीएसही कापावा लागतो, म्हणून रक्कम अंदाजाने का होईना, हातात हवी.

म्हणजे आमचे मॅनेजर महिनाभर जे बिल मागत होते ते मॅडमकडे नव्हतंच. ठेकेदाराने पाठवलं नव्हतं. मागणी बदलली: "मॅडम, बिल आत्ता नको. ऑर्डरची कॉपी द्या, आणि स्टॉलचं काम कुठल्या तारखेला पूर्ण झालं, ठेकेदार किती घेणार आहे, एवढं दोन ओळींत लिहून सही करा." त्याच दुपारी कागद आला. ज्याच्याकडे जे नाही तेच आपण मागत राहिलो की समोरचा गप्प होतो, आणि आपण त्या गप्प बसण्याचा अर्थ 'मला किंमत देत नाही' असा लावतो. त्यांची निम्मी धडधड तिथली होती.

राहिलेल्या नऊपैकी सर्वांत अवघड मेंटेनन्सचीच. फेब्रुवारीत साहेबांनी 18,500 रुपये रोख ॲडव्हान्स घेतला होता, हिशेब शून्य. मी म्हटलं, आपण इथे बोलून बघू. मी साहेब झाले. ते मान खाली घालून म्हणाले, "सर, ते जरा पेंडिंग होतं..." अशा मागण्यात आर्जव असतं आणि आरोपही असतो, ऐकणाऱ्याला दोन्ही बोचतात. तीन-चारदा बदलून वाक्य असं झालं: "सर, फेब्रुवारीतल्या 18,500 च्या ॲडव्हान्सबद्दल बसायचंय. बिल नसेल तर नाही म्हणून सांगा, मग जे आहे त्यावर आपण बघू."

प्रत्यक्ष भेटीत यातल्या दुसऱ्या वाक्यानं साहेब मोकळे झाले. रात्रपाळीत कॉम्प्रेसरची मोटर बसली होती. हायवेवरून क्रेन बोलावली, ऑपरेटरने रोख पैसे घेतले आणि गेला. बिल कधी नव्हतंच. सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि आता लोक म्हणतील पैसे खाल्ले, या धास्तीने ते तीन महिने मेल उघडत नव्हते. मग हळूच म्हणाले, ओळखीचा एकजण बिल करून देईल.

मॅनेजरांनी मला संध्याकाळी फोन केला, "घेऊ का?" मी ठाम नाही म्हटलं. खर्च खरा आहे, फक्त पुरावा कच्चा आहे. खोटं बिल जोडलं की खरा खर्चही बनावट ठरतो, आणि त्यावर जीएसटीची वजावट घेतली तर प्रकरण आणखी चिघळतं. मागची तारीख टाकून नोंद करावी म्हटलं तर 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची खूण ठेवावीच लागते. नोंद खरोखर कधी झाली ते ऑडिटरला दिसतं.

मग खरं काय आहे ते शोधलं. गेटच्या रजिस्टरमध्ये त्या रात्री क्रेनचा नंबर, आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ होती. ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये मोटरची नोंद होती. साहेब स्वतः ऑपरेटरला भेटून आले आणि पावती घेतली, रक्कम पाच हजारांच्या वर म्हणून रेव्हेन्यू स्टँप लावून. पावतीवर तारीख मात्र सही झाली त्याच दिवसाची. साहेबांनी अर्ध्या पानात सगळी हकीकत लिहून सही केली.

ऑडिटरने खर्च झाला हे मान्य केलं. पण एका दिवसात एका माणसाला 10,000 रुपयांच्या वर रोख दिले की तो खर्च आयकरात धरला जात नाही, त्यामुळे रक्कम करपात्र उत्पन्नात मिळवली. कंपनीला त्यावर पाच हजारांच्या आसपास कर बसला. साहेब म्हणाले, "एवढंच होतं?"

बाकीच्या आठांतली सात मार्गी लागली. एक राहिली, विक्री विभागाची 4,200 रुपयांची. ना कागद, ना पैसे घेणारा माणूस. ती खर्चात न टाकता संबंधितांकडून येणं म्हणून दाखवली आणि त्यांना तसं आधी कळवलं. वसुली पगारातून झाली. नाराजी झाली, ती ऐकून घेतली.

तुमच्या हातात आठवडा आहे. आज एकत्र मेल करू नका. चारही विभागांची यादी वेगळी करा, प्रत्येकाच्या कागदावर फक्त त्याच्याच ओळी ठेवा, आणि प्रत्येक ओळीपुढे काय हवं आहे आणि ते नसेल तर काय चालेल हे लिहा. काहीच मिळालं नाही तर ती रक्कम कुठे दाखवाल हेही ऑडिटरशी बोलून तिथेच लिहा, म्हणजे ते धमकीसारखं वाटणार नाही. मग त्या कागदाची प्रिंट घेऊन स्वतः जा. सर्वांत आधी त्यांच्याकडे जा, ज्यांनी चारही मेलना एका शब्दाने उत्तर दिलेलं नाही. त्यांच्याकडे बिल नसण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि 'नाही' म्हणायला वाट कुणी दिलेली नसावी.