मुंबईतला सर्वांत लवकरचा सूर्यास्त
प्रश्न: सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, मग मुंबईत सूर्य सर्वांत लवकर नोव्हेंबरातच का मावळतो?

उत्तर: कारण घड्याळातली माध्यान्हाची वेळ स्थिर नसते. मुंबईत २२ नोव्हेंबरला सूर्य साधारण १२:२५ ला माथ्यावर येतो, तर २२ डिसेंबरला १२:३७ ला. या महिन्यात अर्धा दिवस जेमतेम पाच मिनिटांनी आखडतो, पण माध्यान्ह बारा मिनिटे पुढे सरकते. म्हणून सूर्यास्त ५:५९ वरून ६:०६ वर जातो. पुढेही माध्यान्ह सरकतच राहिल्याने सर्वांत उशिराचा सूर्योदय, सुमारे ७:१५ चा, जानेवारीच्या मध्यावर येतो. याचे मुख्य कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल. जानेवारीच्या आरंभी ती सूर्याजवळून वेगाने जाते, त्याचीही त्यात भर पडते.