रेम झोप आणि पहाटेचे ते दोन तास

अनेक आशीर्वाद.

स्लीप लॅबमध्ये रुजू झालीस हे वाचून बरं वाटलं. तू लिहितेस की पेशंट हातातलं घड्याळ पुढे करून विचारतात, "माझी रेम कमी दाखवतंय, म्हणून मला विसरायला होतंय का?" आणि मग तुला काय बोलावं ते सुचत नाही. घड्याळाचं आधी सांगतो. ते मनगटाची हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतं. तुझ्यासमोर मेंदूच्या लहरी असणार आहेत, तेव्हा रेम, म्हणजे डोळे झपाझप हलतात ती झोप, तिथे कशी ओळखायची ते पक्कं कर. उत्तराचा निम्मा भाग त्यातच आहे.

आपण रात्र तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचतो. डोळा लागतो ती एन-१, अगदी थोडा वेळ. मग एन-२, रात्रीचा सगळ्यात मोठा हिस्सा, त्यात स्पिंडल नावाचे लहरींचे छोटे झुबके दिसतात. मग एन-३, गाढ झोप, मोठमोठ्या संथ लाटा. आणि रेममध्ये या लाटा अचानक गायब होतात. मेंदूची रेघ जवळपास जाग्या माणसासारखी होते, डोळ्यांच्या दोन रेघा एकमेकींच्या उलट दिशेने झपकन उसळतात आणि हनुवटीची रेघ सपाट पडते. ती सपाट पडते कारण मेंदूच्या मुळातून स्नायूंना सैल सोडण्याचा हुकूम गेलेला असतो. नवीन माणूस डोळ्यांकडेच बघत बसतो. तू हनुवटी बघ. जागा माणूसही डोळे हलवतो, पण त्याच्या हनुवटीत ताण असतो. म्हणूनच तिथे तीन इलेक्ट्रोड लावतात. घामाने एक सुटला तरी काम चालतं, सगळे सुटले तर पहाटेची रेम की जाग हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता एक रात्र घे. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण तरुण माणसाची रात्र साधारण अशीच जाते. सव्वाअकराला झोप लागली, दीड-दीड तासाची पाच आवर्तनं झाली, पावणेसातला जाग आली. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी रेम येते: पहिल्यात ६ मिनिटं, मग १५, २२, २८ आणि ३४. एकूण १०५ मिनिटं, म्हणजे झोपेचा जेमतेम चौथा हिस्सा. गाढ झोपेचं नेमकं उलट, ती बहुतेक सगळी पहिल्या दोन-तीन आवर्तनांत उरकते. या माणसाने साडेचारचा गजर लावला तर सव्वादोन तास गेले, म्हणजे तीस टक्के झोप. पण रेमची शेवटची दोन्ही सत्रं गेली, १०५ पैकी ६२ मिनिटं. गाढ झोपेला धक्कासुद्धा लागला नाही.

झोपेचा कोणता भाग स्मृतीला मदत करतो हे तपासायला संशोधकांनी याच उतरंडीचा उपयोग करून घेतला. जर्मनीत प्लिहाल आणि बॉर्न यांनी १९९७ मध्ये काही जणांना रात्रीच्या पहिल्या भागात झोपू दिलं, काहींना उत्तरार्धात. शब्दांच्या जोड्या पहिल्या भागातल्या झोपेनंतर जास्त आठवल्या. आरशात पाहून आकृती गिरवण्याचा हात मात्र उत्तरार्धातल्या झोपेनंतर जास्त सुधारला. २००१ मध्ये वाग्नर, गाइस आणि बॉर्न यांनी असाच प्रयोग भावना ढवळणारे आणि साधे उतारे देऊन केला. रेमने भरलेल्या उत्तरार्धातल्या झोपेनंतर भावनिक उतारे साध्यांपेक्षा जास्त लक्षात राहिले होते. पूर्वार्धातल्या झोपेत तो फरक पडला नाही.

पण इथे घाई करू नकोस. रात्रीचा उत्तरार्ध म्हणजे नुसती रेम नव्हे. त्यात एन-२ही भरपूर असते आणि पहाटे कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढतं. त्यामुळे श्रेय कुणाचं हे या पद्धतीने वेगळं काढता येत नाही. ते जास्त नेटकेपणाने उंदरांवर झालं. २०१६ मध्ये बॉइस, विल्यम्स, अदामांतिदिस आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाने चालूबंद करता येणाऱ्या काही पेशी फक्त रेमच्या वेळी गप्प केल्या. रेम तशीच राहिली, फक्त तिच्यात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी जोडलेल्या भागात चालणारी थीटा लय क्षीण झाली. दुसऱ्या दिवशी वस्तू कुठे होती ते त्या उंदरांना ओळखता येईना. त्याच पेशी तेवढाच वेळ रेमच्या बाहेर गप्प केल्या, तर असं काही झालं नाही. माझ्या मते रेम आणि स्मृतीच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. उंदरांचा आहे, हे मात्र विसरायचं नाही.

भावनांच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंत्याची आहे. रेममध्ये नॉरअॅड्रेनलिन पुरवणारा मेंदूतला लोकस सेरुलियस जवळजवळ गप्प असतो. वॉकर आणि व्हान डर हेल्म यांनी २००९ मध्ये यावरून अशी कल्पना मांडली की धडधड वाढवणारं रसायन नसताना आठवण पुन्हा चाळली जाते, त्यामुळे मजकूर राहतो आणि बोच कमी होते. ऐकायला फार पटतं. २०११ मध्ये त्यांच्याच गटाला रात्रभराच्या झोपेनंतर, आधी पाहिलेली भावना ढवळणारी चित्रं पुन्हा पाहताना, अॅमिग्डला या मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. पण २००२ मध्ये वाग्नर आणि बॉर्न यांच्या प्रयोगात उलट झालं होतं. रेमने भरलेल्या झोपेनंतर लोकांना नकोशी चित्रं आणखी नकोशी वाटली. म्हणून "रेम मन हलकं करते" असं सरळ सांगू नकोस. "तसं असावं, पण निकाल दोन्हीकडे आहेत" असं सांग.

आणखी दोन गोष्टी कायम डोक्यात ठेव. १९८४ मध्ये पेरेत्झ लावी यांनी इस्रायलमधल्या एका माणसाची नोंद केली. मेंदूच्या मुळात धातूचा तुकडा शिरल्यामुळे त्याची रेम जवळजवळ नाहीशी झाली होती, तरी तो कायदा शिकून वकील झाला. दुसरी गोष्ट तुला रोज भेटेल. नैराश्यावरची बरीचशी औषधं रेम चांगलीच दाबतात. त्यामुळे स्मृती ढासळते असं सरसकट दिसत नाही, २००९ मध्ये राश आणि सहकाऱ्यांना कौशल्याच्या स्मृतीवर वाईट परिणाम आढळला नाही. या औषधांनी अनेकांचं मन सावरतंही. म्हणून कुणाचा अहवाल पाहून "तुमची रेम या गोळीने खाल्ली" असं तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस. तो माणूस घरी जाऊन गोळी बंद करील, आणि मग रेम उसळी मारून परत येते, भयंकर स्वप्नं घेऊन.

पेशंटच्या प्रश्नाकडे परत येऊ. टेबलाजवळच्या फॉर्मवर आधी चार गोष्टी भरून घे: कोणती औषधं, आदल्या रात्री दारू घेतली का, गजर किती वाजताचा, आणि लॅबमधली ही पहिलीच रात्र का. दारू रात्रीच्या पहिल्या भागात रेम दाबते. अनोळखी खाटेवर, अंगभर तारा लावून पहिल्या रात्री रेम तशीही कमीच पडते. या चारांत कारण सापडलं, तर बाकी चर्चेची गरज पडत नाही. नाही सापडलं आणि विसरभोळेपणाची तक्रार खरी असेल, तर रेमच्या आकड्यावर न थांबता श्वास किती वेळा अडला ते बघ. रेममध्ये घशाचे स्नायूही सैलावतात, म्हणून काही जणांचा श्वास खास त्याच वेळी अडतो. अख्ख्या रात्रीची सरासरी काढली तर ते त्यात दडून जातं. रेममधली अडथळ्यांची संख्या वेगळी मोजून डॉक्टरांपुढे ठेव.

तुझे,
सर