तुझ्या एसआयपीमधला तो एक टक्का

अगं, तुझा स्टेटमेंटचा फोटो काल रात्री बघितला. तू विचारलंस की फंड बरोबर निवडलाय का. फंड ठीक आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण फंडाच्या नावापुढे "Regular Plan - Growth" लिहिलंय आणि फोलिओत बँकेच्या डिस्ट्रिब्युटरचा एआरएन, म्हणजे फंड विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आहे, तिथे माझी नजर अडकली. तू म्हणालीस बँकेतल्या माणसाने फॉर्म "फुकट" भरून दिला. फुकट नाही दिला, त्याचे पैसे तू रोज देतेयस, फक्त तुला ते दिसत नाहीत.

कसे दिसत नाहीत ते सांगतो. एक्सपेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायचा खर्च, वर्षाचा टक्का म्हणून लिहितात, म्हणून लोकांना वाटतं वर्षाच्या शेवटी कधीतरी कापत असतील. तसं नसतं, त्या टक्क्याचा एका दिवसाचा वाटा रोज फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलं त्यावर त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, निघते. म्हणजे तू जी एनएव्ही बघतेस ती खर्च कापून झाल्यावरचीच. कुठे बिल येत नाही की खात्यातून डेबिट होत नाही, त्यामुळे टोचत पण नाही.

1 जानेवारी 2013 पासून सेबीने प्रत्येक स्कीमला डायरेक्ट प्लॅन देणं सक्तीचं केलं. पोर्टफोलिओ तोच, फंड मॅनेजर तोच, शेअर्स तेच, फक्त मधल्या माणसाचं कमिशन त्यात नाही, म्हणून एक्सपेन्स रेशो कमी. रेग्युलरमध्ये हे कमिशन ट्रेल असतं, म्हणजे तुझे पैसे फंडात आहेत तोवर दरवर्षी जात राहतं, फॉर्म एकदाच भरलेला असला तरी.

आता तुझं गणित. महिना 10,000, वीस वर्षं, म्हणजे खिशातून 24 लाख. समज डायरेक्टमध्ये खर्च जाऊन हातात वर्षाला 12 टक्के पडले आणि रेग्युलरमध्ये एक टक्का कमी, 11. (12 मिळतीलच असं कोणी सांगितलं तर तिथून उठ, हा आकडा फक्त हिशोबासाठी.) पाच वर्षांनी दोन्हींत फरक साधारण 19,000 चा. मी स्वतः इथेच फसलो होतो, पाचव्या वर्षी बघितलं आणि म्हटलं जाऊदे, एवढ्यासाठी कोण खटाटोप करणार. दहाव्या वर्षी तो फरक 1 लाख 13 हजार होतो, पंधराव्या वर्षी 3 लाख 80 हजार, आणि विसाव्या वर्षी डायरेक्टमध्ये सुमारे 91 लाख तर रेग्युलरमध्ये 81 च्या आत, म्हणजे सव्वादहा लाख गेले. पहिल्या पाच वर्षांत 19,000 आणि शेवटच्या पाचात साडेसहा लाखाच्या आसपास, बघ कसं आहे ते.

असं का होतं, तर तो टक्का तुझ्या हप्त्यावर नाही, जमलेल्या सगळ्या रकमेवर लागतो. पहिल्या वर्षी फंडात लाखभरच असतात तेव्हा त्याचा टक्का म्हणजे किरकोळ. विसाव्या वर्षी रेग्युलरमध्ये सरासरी 76 लाख पडलेले असतात, त्याचा एक टक्का 76,000, म्हणजे महिन्याला सहा हजार तीनशे. तू दर महिन्याला 10,000 टाकणार आणि त्यातल्या सहा हजारांहून जास्त एवढी रक्कम दुसऱ्या बाजूने बाहेर जाणार, आणि तोपर्यंत तो फॉर्म भरणारा माणूस चार शाखा बदलून गेलेला असेल.

एक टक्का हा आकडा मी धरलाय, तुझ्या फंडाचा खरा फरक वेगळा असेल. फंड हाऊसच्या साईटवर दोन्ही प्लॅनचे एक्सपेन्स रेशो शेजारी शेजारी मिळतात, ते बघ. इंडेक्स फंडात हा फरक बराच कमी असतो. आणखी एक युक्ती मला आवडते, फंड 2013 च्या आधीचा असेल तर दोन्ही प्लॅनच्या ग्रोथ ऑप्शनची आजची एनएव्ही काढ. डायरेक्टची सुरुवात तेव्हाच्या जुन्या एनएव्हीपासूनच झाली होती, म्हणून आज रेग्युलर 100 आणि डायरेक्ट 112 दिसली तर तेवढ्या वर्षांत डायरेक्टवाला 12 टक्के पुढे गेलाय, कोणाच्या अंदाजाची गरजच नाही. आणि डायरेक्टची एनएव्ही जास्त म्हणून ते "महाग" असं कोणी सांगेल, ते ऐकू नको, युनिट कमी मिळतात एवढंच.

बदलायचं कसं, इथे घाई करू नको. आधी नवीन एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू कर आणि जुनी बंद कर. जुनी आपोआप डायरेक्ट होत नाही, नुसता एआरएन काढून टाकला तरी प्लॅन रेग्युलरच राहतो. हे फुकटात होतं, आजच कर.

आधी जमलेल्या पैशाचं वेगळं आहे. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये स्विच म्हणजे टॅक्सच्या दृष्टीने विक्रीच, फंड तोच असला तरी. आणि एसआयपीचा प्रत्येक हप्ता स्वतःचं वय घेऊन असतो, ज्या हप्त्यांना वर्ष झालं नाही त्यावर बहुतेक एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडायचा दंड, लागेल आणि नफ्यावर 20 टक्के टॅक्स, म्हणून ते सध्या राहू दे. ईएलएसएस, म्हणजे टॅक्स वाचवायचा फंड, असेल तर तीन वर्षांआधी हलतच नाही.

तुझ्या स्टेटमेंटमध्ये वर्षापेक्षा जुन्या युनिट्सची किंमत 6 लाख आहे आणि त्यात नफा 2 लाख 20 हजार. इक्विटी फंडात वर्षावरच्या नफ्यातला आर्थिक वर्षाला सव्वा लाख करमुक्त, वरच्यावर 12.5 टक्के. सगळं एकदम हलवलंस तर 95,000 वर टॅक्स, म्हणजे 11,875 आणि वर सेस. निम्मा नफा मार्चमध्ये आणि निम्मा एप्रिलमध्ये काढलास तर दोन आर्थिक वर्षं होतात आणि टॅक्स शून्य, अट एवढीच की इतर शेअर-फंडाचा असा नफा नसावा. फक्त निम्मे युनिट विकले म्हणजे निम्मा नफा असं होत नाही, जुने युनिट आधी जातात आणि नफा त्यांच्यातच जास्त असतो, म्हणून पहिल्या खेपेला युनिट थोडे कमीच विक. आणि समजा टॅक्स भरावा लागलाच तरी 6 लाखाचा एक टक्का वर्षाला 6,000 आहे, दोन-सव्वादोन वर्षांत भरून निघतो.

आता माझं प्रामाणिक मत ऐक. रेग्युलर सरसकट वाईट नाही. मार्च 2020 मध्ये बाजार कोसळला तेव्हा एका ओळखीच्या बाईंच्या डिस्ट्रिब्युटरने त्यांना दोन वेळा फोन करून विकू दिलं नाही, त्या माणसाने आपलं कमिशन कमावलं असं मी म्हणेन. तुझ्या बँकेतल्या माणसाने गेल्या तीन वर्षांत किती वेळा फोन केला ते तू सांग. सहामाही एकत्रित स्टेटमेंट येतं ना, त्यात तुझ्या गुंतवणुकीवर डिस्ट्रिब्युटरला किती रुपये मिळाले ते छापलेलं असतं, टक्का नाही, रुपये. तो आकडा बघ, मग फोन मोज आणि मला कळव. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बसू, युनिटचा हिशोब मी करून देतो.