भराव टाकण्याआधी टाकीची पाणी-चाचणी: रिपोर्ट वहीतून तयार होतो, फॉरमॅटमधून नाही

प्रश्न: आमच्या साइटवर जमिनीखालच्या आरसीसी पाण्याच्या टाकीचं काँक्रीट पूर्ण झालंय. भराव टाकण्याआधी वॉटर टाइटनेस टेस्ट कशी घ्यायची आणि तिच्या रिपोर्टचा फॉरमॅट कुणाकडे आहे का?

उत्तर:

फॉरमॅट मागणारे बहुतेक जण तो टेस्टच्या आधी मागतात आणि तिथेच माझं डोकं फिरतं. आकडे आधी येतात, कागद नंतर. असं का म्हणते ते सांगण्यासाठी एकच प्रसंग पुरेसा आहे.

पुण्याजवळच्या एका गृहप्रकल्पात मी क्वालिटीचं काम बघत होते. पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी, मध्ये पार्टिशन भिंत घालून दोन कप्पे केलेले. प्रत्येक कप्पा आतून 6 मीटर बाय 8 मीटर, पाण्याची पूर्ण खोली 3.5 मीटर. वर स्लॅब पडलेला, मॅनहोल उघडे. मे महिना, पावसाळा तोंडावर, आणि प्रोजेक्ट मॅनेजरना भिंतीभोवतीचा खड्डा भरून पोकलेन पुढच्या बिल्डिंगकडे न्यायचा होता. एका कप्प्यात 168 घनमीटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे सतरा टँकर. ऐन उन्हाळ्यात. त्यांची घाई मला कळत होती. पण त्यांच्या टेबलावर 'गळती आढळली नाही' असं टाइप केलेला रिपोर्ट टाकी भरायच्या आधीच तयार होता, त्यावर फक्त माझी सही व्हायची होती. ती मी केली नाही.

आम्ही एकच कप्पा भरायला घेतला, दुसरा मुद्दाम कोरडा ठेवला. दोन्ही कप्पे एकदम भरले की पार्टिशन भिंतीवर दोन्हीकडून सारखाच दाब येतो आणि तिची परीक्षाच होत नाही. भरण्याआधी इनलेट, आउटलेट, ओव्हरफ्लो सगळ्यांना ब्लँक फ्लँज, म्हणजे पाइपचं तोंड पूर्ण बंद करणारी झाकणं, मारले. व्हॉल्व्हवर विसंबू नका. व्हॉल्व्ह थोडा जरी पास होत असला तरी दोष काँक्रीटवर जातो आणि शोधण्यात आठवडा वाया जातो. दिवसाला साधारण एक मीटर, याहून वेगाने पाणी चढवलं नाही. जुन्या ब्रिटिश कोडात 24 तासांत 2 मीटरची मर्यादा होती, पण भिंतीच्या तळाला 3.5 मीटर पाण्याचा दाब पहिल्यांदाच बसणार असतो, एका मीटर लांबीच्या भिंतीवर सहा टनांच्या आसपास ढकल येते. सावकाश भरलं की कुठे ओल फुटते ते खालून वर क्रमाने दिसतं.

पूर्ण पातळी आल्यावर सात दिवस काहीच मोजायचं नाही. काँक्रीट पाणी शोषतं, पातळी उतरते, ती वर भरून घ्यायची. हे सात दिवस वाचवायला सगळेच बघतात. आमच्याकडेही 'तीन दिवस पुरे' असं ठरवून मोकळे झाले होते. शोषण संपायच्या आत मोजणी सुरू केली की चांगली टाकी नापास दिसते, आणि खरी गळती असली तर ती 'शोषण चाललंय' या सबबीखाली लपते. दोन्हीकडून फसगत.

मग सात दिवसांची खरी मोजणी. भिंतीवर रंगाने पट्ट्या मारून मिलिमीटर वाचता येत नाही. आम्ही समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत अँगल पक्के केले आणि त्यांवर हुकगेज, म्हणजे पाण्याची पातळी मिलिमीटरमध्ये दाखवणारं आकडीचं मापक, लावून रोज सकाळी एकाच वेळी, एकाच माणसाने रीडिंग घेतलं. दोन कोपरे का? पाण्याच्या वजनाने टाकी एका बाजूला किंचित बसली तर एका कोपऱ्यात पातळी चढलेली दिसते, दुसऱ्यात उतरलेली. एकाच ठिकाणी मोजणाऱ्याला ती गळती वाटते, किंवा गळती झाकली जाते. टाकीच्या पाण्यातच एक अर्धं भरलेलं पसरट ड्रम तरंगत ठेवलं आणि त्यातली उतरणही रोज लिहिली. ते बाष्पीभवन.

रोजची उतरण मिलिमीटरमध्ये अशी आली: 4, 4, 5, 4, 4, 4, 4. एकूण 29. ड्रममध्ये सात दिवसांत 3. निव्वळ 26 मिमी. कप्प्याचं क्षेत्रफळ 48 चौरस मीटर, म्हणजे एक मिलिमीटरला 48 लिटर, आणि आठवड्यात जवळजवळ साडेबाराशे लिटर पाणी कुठेतरी गेलं होतं. आयएस 3370 या पाण्याच्या टाक्यांच्या भारतीय कोडाच्या पहिल्या भागात, 2009 च्या आवृत्तीत, वरून झाकलेल्या जमिनीखालच्या टाकीसाठी सात दिवसांत 20 मिमीची मर्यादा होती. 1965 च्या आवृत्तीत ती 40 होती, आणि मॅनेजरनी नेमका तोच आकडा पुढे केला.

तो चालणार नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मे महिना आहे, उडालं असेल पाणी." त्यासाठीच ड्रम ठेवलं होतं. स्लॅबखाली, मॅनहोलच्या तेवढ्याशा तोंडातून आठवड्याला 26 मिमी पाणी उडत नाही. मग म्हणाले, "कोडात आणखी सात दिवस वाढवायची मुभा आहे, वाढवू." मुभा आहे, पण रोजची उतरण कमी होत चालली असेल तरच. आमचे आकडे परत वाचा. 4 वर अडकलेत. शोषण असतं तर आकडा रोज उतरत 1 वर आला असता. जो आकडा जागचा हलत नाही त्याच्यामागे वाट असते. एकूण उतरणीपेक्षा मला ही रोजची चाल जास्त महत्त्वाची वाटते, आणि म्हणून रिपोर्टमध्ये फक्त बेरीज लिहिणाऱ्यांशी माझं आजही भांडण होतं.

वाट शोधायला बाहेर उतरलो. शेजारचा कप्पा कोरडा होता, म्हणजे पार्टिशन ठीक. तीन बाजूंच्या भिंती कोरड्या. चौथ्या बाजूला पोकलेनला रस्ता हवा म्हणून आधीच मीटरभर माती लोटलेली होती. माती काढायला मी सांगितलं आणि त्यावरून पूर्ण सकाळभर वाद झाला. शेवटी काढली. तळाच्या राफ्टच्या वर 150 मिमीवर किकरचा, म्हणजे राफ्टबरोबरच ओतलेल्या भिंतीच्या बुटक्या पट्ट्याचा, जोड असतो, तिथे भिंत ओली होती. आजूबाजूची मातीही ओली असल्याने नेमकी जागा कळेना, म्हणून भिंत पुसून, सुकू देऊन त्या पट्ट्यावर कोरडं सिमेंट भुरभुरलं. थोड्या वेळात सुमारे मीटरभर लांबीत ते काळं पडलं. गळती सापडली. ती मीटरभर माती जर तशीच राहून वर भराव आला असता, तर ही गळती कायमची पुरली गेली असती आणि पुढे बिलापेक्षा पाणी कमी का पडतं यावर सोसायटीवाले भांडत बसले असते.

पाणी फेकलं नाही. पंपाने दुसऱ्या कप्प्यात घेतलं, थोडं टँकरचं मिळवलं आणि त्याची टेस्ट त्याच पाण्यावर झाली. पार्टिशनवर उलट्या बाजूनेही दाब आला. सतरा टँकर दोनदा आणावे लागतील ही भीती निराधार होती.

रिकाम्या कप्प्यात आतून जोड फोडल्यावर किकरच्या डोक्यावर सिमेंटची मऊ साय तशीच राहिलेली आणि शटरिंगचा लाकडी भुसा अडकलेला सापडला. पुढची भिंत ओतण्याआधी जोड खरवडून, हवेने साफ करायचा असतो. ते झालं नव्हतं. व्ही आकाराची खाच काढली, निपल, म्हणजे ग्राउट सोडायच्या छोट्या नळ्या, बसवून न आकसणारं सिमेंट ग्राउट कमी दाबाने सोडलं, खाच पॉलिमर मॉर्टरने भरली, क्युअरिंग केलं. मग परत भरणं, परत शोषणाचे पूर्ण सात दिवस, परत मोजणी. या वेळी 3, 2, 2, 1, 1, 1, 1. एकूण 11, ड्रमचे 3 वजा जाता 8 मिमी. पास. सही केली.

रिपोर्टचं म्हणाल तर वरची गोष्ट तारखांसह लिहा, रिपोर्ट झाला. टाकीचं नाव, ड्रॉइंग क्रमांक, आतली मापं, राफ्ट आणि भिंती ओतल्याच्या तारखा, भरायला सुरुवात आणि शेवट, दोन्ही कोपऱ्यांचं रोजचं रीडिंग, ड्रमचं रीडिंग, पाऊस झाला तर किती, निव्वळ उतरण आणि तिचे लिटर. बाहेरच्या चारही भिंतींचं साधं रेखाचित्र काढून ओल कुठे दिसली ते त्यावर दाखवा, भिंतीवर खडूने खूण करून तारखेसह फोटो जोडा. पहिली टेस्ट नापास झाली असेल तर तीही रिपोर्टमध्येच ठेवा. आमचे मॅनेजर नापास टेस्टची पानं काढून टाका म्हणत होते. मी ठेवली. दहा वर्षांनी कुणी त्या जोडापाशी ओल बघेल तेव्हा तिथे ग्राउटिंग झालंय हे त्याला त्या पानांवरूनच कळणार आहे. सह्या तीन: कॉन्ट्रॅक्टर, सल्लागार, मालकाचा माणूस. तिघांनीही किमान पहिलं आणि शेवटचं रीडिंग स्वतः बघितलेलं असावं.

'आधी भराव टाका, मातीचा आधार मिळेल, भिंत सुरक्षित राहील' असं तुम्हालाही कुणी सांगेल. मला सांगितलं होतं. टाकी भरलेली आणि बाहेर माती नाही, ही अवस्था डिझाइनमध्ये धरलेली असायलाच हवी. उद्या शेजारी पाइप टाकायला कुणी खड्डा खणला की तीच अवस्था येते. तरी भरण्याआधी डिझायनरकडून हे लेखी घ्या. क्वचित कुणी मातीचा आधार धरलेला असतो, आणि तसं असेल तर टेस्टचा क्रम त्यालाच ठरवू द्या.

आतून वॉटरप्रूफिंगचा कोट टेस्टच्या आधी लावू देऊ नका, नाहीतर कोटाची परीक्षा होते, काँक्रीटची नाही. खड्ड्यात भूजल असेल तर टेस्टभर पंप चालू ठेवा. बाहेर पाणी उभं असलं की आतला पाझर दाबला जातो आणि आकडे फसवे चांगले येतात. आणि टेस्ट झाल्यावर भर पावसाळ्यात, भराव नसताना टाकी रिकामी करून पंप बंद करू नका, रिकामी टाकी उचलली जाऊ शकते.

20 मिमी हा आकडा झाकलेल्या टाकीचा आहे. तुमची टाकी उघडी असेल तर मर्यादा प्रभारी अभियंत्याने बाष्पीभवन बघून ठरवायची असते, आणि ती भरण्याआधी ठरवून लिहून घ्या. टेंडरमध्ये ब्रिटिश पद्धतीचा निकष असेल तर तो जास्त कडक निघतो: खोलीचा पाचशेवा भाग किंवा 10 मिमी, जे कमी असेल ते. आमच्या 3.5 मीटरला तो 7 मिमी झाला असता, आणि आमची दुरुस्त केलेली टाकीही त्यात एका मिलिमीटरने अडकली असती.