आधारवर एकोणीस, दाखल्यावर सतरा

“शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटर चोरली म्हणून माझ्या पोरावर मार्च २०२६ मध्ये गुन्हा दाखल झाला. आधारवर त्याची जन्मतारीख १ जानेवारी २००७ आहे, शाळेच्या दाखल्यावर १२ ऑगस्ट २००८. पोलिसांनी आधार पाहिलं. पोरगा जिल्हा कारागृहात आहे. वकीलसाहेब म्हणतात, वयाचं खटल्यात मांडू. काय करू?” – एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

भाऊ, खटल्याची वाट पाहू नका. वयाचा मुद्दा केव्हाही मांडता येतो, हे तुमच्या वकिलांचं खरं आहे. पण अठरा वर्षांखालच्या पोराचं प्रकरण नेहमीच्या न्यायालयात नाही, बाल न्याय मंडळापुढे चालतं. त्या चौकशीची चार महिन्यांची मुदत पोरगा मंडळासमोर पहिल्यांदा उभा राहतो त्या दिवसापासून सुरू होते. तो कारागृहात आहे तोवर ती सुरूच होत नाही.

आधारच्या शिबिरात अंदाजाने १ जानेवारी सांगितली जाते आणि दहा वर्षांनी ती अशी अंगावर येते. दर महिन्याला असं एक तरी घर माझ्याकडे येतं, तेव्हा वाईटही वाटतं आणि रागही येतो. तरी आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आधी शाळेचा दाखला येतो, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

उद्याच शाळेत जा. नुसता दाखला आणू नका, कारण तो नंतर बनवून घेतला असं सरकारी वकील म्हणू शकतात. पोराचं नाव पहिलीत लिहिलं त्या जनरल रजिस्टरच्या पानाची नक्कल मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह घ्या. तारखेवर खाडाखोड दिसली तर ग्रामपंचायतीची नोंदही काढून ठेवा. या कागदांवर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वय ठरवण्यासाठी त्याच कायद्याच्या कलम ९ चा अर्ज करा. गुन्ह्याच्या दिवशी तो साडेसतरा वर्षांचा होता, आणि तेच वय धरतात. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली तरी फरक पडत नाही.

मंडळापुढे जामीन हा नियम आहे. वाईट संगतीचा किंवा त्याच्याच जिवाचा, मनाचा धोका दिसला, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच हरवेल असं वाटलं तरच नाकारतात, आणि तेव्हाही कारागृहात नाही, निरीक्षणगृहात ठेवतात. परिवीक्षा अधिकारी घरी, शाळेत, गावात विचारपूस करून अहवाल देतील. शाळा का सुटली, कोणाबरोबर फिरत होता, ते खरं सांगा. समुपदेशन की समाजसेवा, की तुमच्या देखरेखीखाली घरी, हे ठरवताना मंडळ तोच अहवाल वाचतं. विशेष गृहात पाठवलंच तर तीन वर्षांपेक्षा जास्त नाही.

साध्या चोरीचंच कलम असेल तर चार महिने आणि वाढीव दोन महिन्यांतही चौकशी संपली नाही की प्रकरण बंद होतं. घरफोडीचं कलम लावलं असेल तर हे चालेलच असं नाही. एफआयआरची प्रत पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. ती आणि रजिस्टरची नक्कल घेऊन या आठवड्यातच वकिलांकडे जा.