शेवा बेराखोत: हुप्पाखालच्या सात बेराखांत नेमकं काय असतं

प्रश्न: माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं लग्न ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये आहे. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. हुप्पाखाली, म्हणजे लग्नाच्या छताखाली, हिब्रूत सात आशीर्वाद म्हणतात, असं ती सांगत होती. त्यांचे शब्द काय आणि प्रत्येकात काय मागतात? आपल्या सप्तपदीसारखंच असतं का ते?

उत्तर: सप्तपदीशी साम्य आकड्यापुरतंच. तिथे वधूवर स्वतः चालतात आणि पावलापावलाला काहीतरी मागतात. इथे दोघं नुसते उभे राहून ऐकतात, म्हणणारा हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, किंवा दुसरा कुणी असतो आणि बोलणं चाललेलं असतं देवाशी. शिवाय पहिल्या चार बेराखांत, म्हणजे आशीर्वादांत, कुणीच काही मागत नाही, ती निव्वळ स्तुती आहे. मागणं सुरू होतं पाचवीपासून, आणि ते पहिलं मागणंही नवरानवरीसाठी नसतं, एका शहरासाठी असतं.

आधी या बेराखा कुठे येतात ते सांगतो, म्हणजे तिथे बसल्यावर गोंधळ होणार नाही. लग्नाचे दोन भाग असतात आणि प्रत्येकाला द्राक्षारसाचा वेगळा पेला. पहिल्या पेल्यावर एरुसीनची, म्हणजे वाङ्निश्चयाची बेराखा होते. मग नवरा अंगठी देतो. दोन्ही भागांच्या मधे केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, वाचला जातो. त्यानंतर दुसरा पेला भरतात आणि त्यावर या सात बेराखा, शेवा बेराखोत. पहिल्या पेल्यापासून मोजायला लागलात तर आकडा चुकणार. आम्हा बेने इस्राएलांकडे नवरी आत येताना नवरा ‘योनाती झीव’ हे गाणं म्हणतो. तेही यांत धरायचं नाही, ते नवरीच्या स्वागताचं.

या बेराखांचा मूळ पाठ तालमूदच्या, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या चर्चाग्रंथाच्या, केतुबोत या भागात सापडतो. तिथे राव येहूदा या पंडितांच्या नावावर सहाच बेराखा दिल्या आहेत. द्राक्षारसाची धरली की सात होतात. मध्ययुगीन धर्मशास्त्री मैमोनिदेसनेही तसंच लिहिलंय: पेला असेल तर आधी द्राक्षारसाची म्हणावी, म्हणजे सात भरतात.

आता शब्द. प्रार्थनेच्या बाहेर आम्ही देवाचं नाव उच्चारत वा लिहीत नाही, म्हणून खाली त्या जागी ‘हाशेम’ लिहितो. हुप्पाखाली तुम्हाला त्या जागी वेगळा उच्चार ऐकू येईल. सिद्दूर, म्हणजे प्रार्थनापुस्तक, बदलला की एखादा शब्दही इकडचा तिकडे होतो.

पहिली: ‘बारूख अत्ता हाशेम, एलोहेनू मेलेख हाओलाम, बोरे पेरी हागेफेन.’ विश्वाच्या राजा, आमच्या देवा हाशेम, तू धन्य आहेस, वेलीचं फळ निर्माण करणारा. शुक्रवारच्या किद्दूशला, म्हणजे शब्बाथ या विश्रांतीच्या दिवसाच्या सुरुवातीला पेल्यावर होणाऱ्या प्रार्थनेला, म्हणतात तीच ही. तुमच्या मैत्रिणीच्या लग्नात पेल्यात बाटलीतली वाइन नसून काळ्या मनुका भिजवून, पिळून काढलेलं सरबत असलं, तर त्यात कमीपणा काही नाही. कोकणात कोशेर वाइन कुठून मिळणार? आमच्या पिढ्यान्‌पिढ्या मनुकांच्या सरबतावर निभावल्या. मनुकाही वेलीचंच फळ, त्यामुळे बेराखा तीच राहते.

दुसरी अगदी छोटी: ‘शेहाकोल बारा लिख्वोदो’, ज्याने सगळं आपल्या गौरवासाठी निर्माण केलं. हिच्यात ना लग्न, ना नवरा, ना नवरी. मग ती इथे का? तालमूदचा सर्वांत मोठा भाष्यकार राशी सांगतो की ही जोडप्यासाठी नाहीच, ती जमलेल्या मंडळींच्या मानासाठी आहे. लोक जमले, त्यातच देवाचा गौरव झाला. म्हणजे सातातली ही एक तुमच्यासारख्या पाहुण्यांची. मला ती म्हणूनच आवडते.

तिसरी ‘योत्सेर हाआदाम’, मानवाला घडवणारा. चौथी लांब आहे: ‘आशेर यात्सार एत हाआदाम बेत्सल्मो, बेत्सेलेम देमूत तव्नीतो, वेहित्कीन लो मिम्मेन्नू बिन्यान अदे अद’. ज्याने मानवाला आपल्या प्रतिमेत घडवलं आणि त्याच्यातूनच त्याच्यासाठी कायमची वास्तू उभी केली. आणि ही लांब बेराखा संपते कशावर? पुन्हा ‘योत्सेर हाआदाम’वरच. एकच गोष्ट दोनदा कशाला, हा प्रश्न तालमूदच्या काळीही पडला होता. लेवी नावाचे पंडित एका लग्नाला गेले तेव्हा त्यांनी पाचच बेराखा म्हटल्या. राव अस्सी दुसऱ्या एका लग्नात सहा म्हणाले. फरक या जोडीचाच. उत्पत्तीच्या पुस्तकात एका ठिकाणी देवाने मानवाला आपल्या प्रतिमेत घडवलं असं एकवचनात येतं, तर दुसरीकडे ‘नर आणि नारी अशी त्याने त्यांना निर्माण केली’ असं अनेकवचनात. मनात दोघं होती पण घडवला एक, असं उत्तर तिथे दिलं आहे. मग मोजायचं मनातलं की हातून घडलेलं? मनातलं मोजलं तर बेराखा दोन, घडलेलं मोजलं तर एक. आज सगळीकडे दोन्ही म्हणतात. ‘वास्तू’ हा शब्दही सहज आलेला नाही. आदामच्या बरगडीपासून हाशेमने स्त्री ‘बांधली’ असं मूळ वचनात आहे, त्यामुळे ही कायमची वास्तू म्हणजे हव्वा आणि तिच्यापासून पुढे चालणाऱ्या पिढ्या.

इथवर मागणं नाही. पाचवीपासून सूर बदलतो: ‘सोस तासीस वेतागेल हाअकारा, बेकिब्बूत्स बानेहा लेतोखा बेसिम्हा’. वांझ आनंदाने नाचो, तिची लेकरं हर्षाने तिच्या कुशीत गोळा होवोत. शेवट: ‘मेसामेआख त्सियोन बेवानेहा’, सियोनला तिच्या लेकरांनी आनंदवणारा.

लग्नात ‘वांझ’! मराठी कानाला हे खटकणारच. अर्थ कळल्यावर आमच्याच एका मावशीने ‘अगं बाई, आता हे कशाला?’ म्हणून कपाळाला हात लावला होता. पण ही वांझ नवरी नाही, ती सियोन, म्हणजे यरुशलेम नगरी. यशया संदेष्ट्याने लेकरं परागंदा झालेल्या त्या नगरीला वांझ म्हणून हाक मारली आणि तिला गायला सांगितलं. लग्नात तिची आठवण का, तर स्तोत्र 137 मध्ये शपथ आहे की यरुशलेमला मी माझ्या सर्वोच्च आनंदाच्याही वर ठेवीन. राशीने हेच कारण दिलंय. म्हणून जोडप्यासाठी तोंड उघडण्याआधी तिच्यासाठी मागायचं. आमच्या समाजातली बरीचशी कुटुंबं 1948 नंतर इस्राएलला गेली. ठाण्यातल्या लग्नाला निम्मे नातेवाईक तिकडून विमानाने येतात, तेव्हा ‘लेकरं गोळा होवोत’ हे शब्द घरातलेच वाटतात.

सहावी मात्र सरळ दोघांसाठी: ‘सामेआख तेसामाख रेईम आहूवीम, केसामेहाखा येत्सिरखा बेगान एदेन मिकेदेम’. या प्रेमळ सोबत्यांना आनंद दे, जसा तू प्राचीन काळी एदेनच्या बागेत तुझ्या निर्मितीला दिलास. नवराबायकोला इथे ‘सोबती’ म्हटलंय, मालक किंवा गृहलक्ष्मी नाही. शेवट ‘मेसामेआख हातान वेखाला’, नवरा आणि नवरीला आनंदवणारा.

सातवी सर्वांत लांब. सुरुवात स्तुतीची: ज्याने ‘सासोन वेसिम्हा, हातान वेखाला’, म्हणजे हर्ष आणि आनंद, नवरा आणि नवरी निर्माण केले. मग आनंदाच्या शब्दांची रांगच लागते, गिला, रिना, दित्सा, हेदवा, आणि त्यामागोमाग प्रेम, बंधुभाव, शांती, मैत्री. त्यानंतर अचानक मागणं: ‘मेहेरा, हाशेम एलोहेनू, यिश्शामा बेआरे येहूदा उवेहूत्सोत येरुशालायीम’. हे हाशेम, लवकर, यहूदाच्या नगरांत आणि यरुशलेमच्या रस्त्यांवर ऐकू येवो. काय ऐकू येवो? ‘कोल सासोन वेकोल सिम्हा, कोल हातान वेकोल काला’, हर्षाचा आणि आनंदाचा आवाज, नवऱ्याचा आणि नवरीचा आवाज, हुप्पाखालून येणारा नवरदेवांचा जल्लोष, मेजवानीतल्या तरुणांची गाणी.

हे चार आवाज यिर्मया संदेष्ट्याचे आहेत, आणि ते आधी शापात आलेत. त्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात तो देवाच्या वतीने बजावतो की यहूदाच्या नगरांतून आणि यरुशलेमच्या रस्त्यांतून हर्षाचा आवाज, आनंदाचा आवाज, नवऱ्याचा आवाज, नवरीचा आवाज मी बंद करीन, कारण देश ओसाड होईल. पुढे आणखी दोनदा तो तेच सांगतो. मग तेहतिसावा अध्याय. बाबेलच्या सैन्याचा शहराला वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैद आणि शहराचा पाडाव तोंडावर आलेला. तेव्हा तो तेच चार आवाज, तेच शब्द घेऊन म्हणतो की ते इथे पुन्हा ऐकू येतील. इ. स. पू. 586 च्या सुमारास शहर पडलंच. सातवी बेराखा त्या वचनाची आठवण करून देते आणि पुढे ‘लवकर’ जोडते.

शेवट ‘मेसामेआख हातान इम हाकाला’, नवऱ्याला नवरीसह आनंदवणारा. सहावीत ‘आणि’, सातवीत ‘सह’. राशीच्या मते सहावीचा शेवट दोघांचं आयुष्यभर भलं होवो यासाठी, तर सातवीचा शेवट दोघांच्या एकमेकांतल्या आनंदासाठी. हज्जान नवखा असला की हे दोन शेवट हमखास अदलाबदल होतात, आणि पुढच्या रांगेतले म्हातारे लगेच मोठ्याने दुरुस्त करतात. घाबरू नका, भांडण नसतं ते.

दुसरी घोटाळ्याची जागा पाचवी आणि सहावी. या दोन ‘बारूख अत्ता’ने सुरूच होत नाहीत, मागच्या बेराखेला जोडलेल्या असतात. सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या ज्यूंच्या, रिवाजात बहुधा एकच जण सगळ्या म्हणतो, त्यामुळे निभावतं. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, लग्नांत मान म्हणून वेगवेगळ्या पाहुण्यांना वाटून देतात. मग पाचवीला उभा राहिलेला काका सवयीने ‘बारूख अत्ता’ करून सुरू होतो. त्याने थेट ‘सोस तासीस’ म्हटलं तर पाठ बरोबर.

या बेराखांना दहा पुरुषांचा मिन्यान लागतो. आधार रूथच्या पुस्तकातला, बोआझने लग्नाच्या वेळी गावातले दहा वडीलधारे बसवले होते. नवरा स्वतः त्या दहांत धरला जातो, म्हणजे बाहेरचे नऊ पुरतात. तुम्ही मोजणीत नसलात तरी प्रत्येक बेराखेच्या शेवटी सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणायला हरकत नाही. सातवी झाली की दोघं त्या पेल्यातून पितात आणि मग काच फोडतात.

मैत्रिणीने पुढच्या सात दिवसांत घरी जेवायला बोलावलं तर जरूर जा. त्या दिवसांत मिन्यान जमला तर जेवणानंतर याच सात बेराखा पुन्हा म्हणतात. मात्र तिथे लग्नाला नसलेला एक तरी नवा पाहुणा लागतो. शब्बाथ असेल तर शब्बाथच पाहुणा मानतात. क्रमही बदलतो: द्राक्षारसाची बेराखा तिथे शेवटी येते, त्यामुळे तुम्हाला सुरुवातीला ‘शेहाकोल बारा’ ऐकू येईल.