मिठाईच्या दुकानाचं जिंगल: आधी सेकंद मोजा

तुम्ही पाठवलेल्या जिंगलच्या मसुद्यात बर्फी, पेढे, काजूकतली, श्रीखंड, भाव, फोन नंबर असं सगळंच आलंय. पहिल्या जिंगलमध्ये बहुतेकांचं इथेच बिनसतं. गणपतीच्या सेलसाठी एकच पदार्थ धरा, मोदक. बाकीचं फलकावर लिहा.

मिनिटाला १२० ठोक्यांचा ठेका घेतला, तर चार ठोक्यांचं एक आवर्तन २ सेकंदांत संपतं. १४ आवर्तनं म्हणजे २८ सेकंद. त्यांची वाटणी अशी करा:

- ४ आवर्तनं ध्रुवपद: ‘घरी आले गणराय, मोदक घ्यायचे की नाय?’
- ४ आवर्तनं सवलत, एकाच वाक्यात: ‘एकवीस मोदक घ्या, पाव किलो पेढे मोफत न्या’
- ४ आवर्तनं पुन्हा ध्रुवपद, तीच चाल, तेच शब्द
- २ आवर्तनं दुकानाचं नाव आणि खूण, ‘लालबाग मार्केटसमोर’ इतकीच

दुसऱ्यांदा ध्रुवपद बदलायचा मोह होईल, पण बदलू नका. ऐकणारा ते तेव्हाच पाठ करतो.

चाल लावताना दीर्घ अक्षर ठोक्यावर पडू द्या. ‘मो’वर ठोका आला की ‘मोदक’ सहज कळतो. ‘द’ ताणलात तर ‘मोदाक’ ऐकू येतं. दुकानाच्या नावाला हे आधी तपासा, नाव चालीत बसत नसेल तर चाल बदला.

शेवटी साध्या फोनच्या स्पीकरवर वाजवून, रहदारीच्या रस्त्यावर कुणाला तरी ऐकवा. खालचे सूर तिथे ऐकूच येत नाहीत, म्हणून ठेका ढोलाच्या घुमाऱ्यावर न सोडता टाळ्या नि झांजांवर ठेवा. ऐकणाऱ्याला दुकानाचं नाव सांगता आलं नाही, तर वाद्यं कमी करा.